आत आलेला माणूस बाहेर गेला का? कारखान्यासाठी व्हिजिटर आणि गेटपास धोरण कसं लिहावं

कुठल्याही कारखान्याच्या गेटवरचं रजिस्टर उघडून बघा. नाव, कंपनी, कोणाला भेटायचं, आत येण्याची वेळ हे रकाने भरलेले असतात. बाहेर जाण्याच्या वेळेच्या रकान्यात मात्र बऱ्याच ओळी कोऱ्या दिसतात, नाहीतर एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात ५.३०, ५.३०, ५.३० असं खालपर्यंत उतरत गेलेलं असतं. ड्युटी संपताना कोणीतरी उरलेल्या ओळी भरून टाकल्या, एवढाच त्याचा अर्थ.

धोरण लिहायला बसलेली मंडळी साधारणपणे 'आत कोणाला सोडायचं' इथून सुरुवात करतात. मी उलट्या टोकाने सुरुवात करायला सांगेन. आत्ता या क्षणी बाहेरची किती माणसं आत आहेत, ती कोणाच्या जबाबदारीवर आहेत आणि कंपनीची कुठली वस्तू बाहेर गेलेली आहे? ही तीन उत्तरं गेटवरच्या सुपरवायझरला दोन मिनिटांत देता आली पाहिजेत. ती देता यावीत म्हणून काय काय लागेल, ते मागे मागे जात लिहीत गेलं की धोरण तयार होतं.

पुढचं सगळं एक कारखाना डोळ्यांपुढे ठेवून लिहितो. चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा, तीन शिफ्टमध्ये मिळून ३०० माणसांचा, मशीन शॉप आणि एक छोटा पेंट शॉप असलेला. माणसांचं एक गेट, मालाचं एक गेट. भोसरी, वाळूज, सातपूर, बुटीबोरी कुठेही असा कारखाना सापडेल.

## आधी ठरवा, व्हिजिटर कोण

सगळ्यांना एकाच प्रकारचा पास देणं ही पहिली चूक. चर्चेला आलेला ग्राहकाचा माणूस, मशीन दुरुस्तीला आलेला इंजिनिअर, ट्रकचा ड्रायव्हर आणि छताचे पत्रे बदलायला आलेले चार कामगार यांना एकाच रजिस्टरमध्ये एकाखाली एक लिहिलं की पुढचे नियम कोणालाच नीट लागू होत नाहीत.

एक साधी कसोटी पुरते: आत जाऊन हा माणूस हातात हत्यार घेणार आहे का? नसेल तर तो व्हिजिटर. असेल तर तो काम करायला आलेला माणूस, आणि त्याला व्हिजिटर पासवर सोडायचं नाही. त्याला कामाचा पास, सुरक्षेची माहिती आणि गरजेप्रमाणे वर्क परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाची लेखी परवानगी, लागतं. वेल्डिंग, उंचीवरचं काम, विजेचं काम असेल तर परमिट झाल्याशिवाय गेटवरून पुढे नाही. पत्रे बदलणारे चार जण 'दोन तासांचंच काम आहे' म्हणून व्हिजिटर पासवर आत गेले आणि त्यातला एक पडला, तर त्याचा विमा कोणाकडे, त्याला कामावर कोणी घेतलं, सुरक्षेचं कोणी सांगितलं, हे सगळे प्रश्न त्या एका चुकीच्या पासाशी येऊन थांबतात.

ड्रायव्हर आणि क्लीनर हा तिसरा गट. त्यांची नोंद मालाच्या गेटवर, गाडीच्या नंबरासह. गाडी धक्क्याला लागली की चाकाखाली ठोकळा लावायचा, किल्ली डिस्पॅचकडे, आणि ड्रायव्हरने गाडी भरून होईपर्यंत ड्रायव्हरांच्या खोलीत थांबायचं. शॉप फ्लोअरवर त्याचं काहीच काम नसतं. खोलीत पंखा, पिण्याचं पाणी आणि शेजारी संडास असेल तर हा नियम पाळला जातो. नसेल तर तो माणूस सावली शोधत आत भटकणारच, आणि दोष त्याचा नसतो.

चौथा गट छोटा आहे, पण गोंधळ तिथेच होतो. कारखाना निरीक्षक, पोलिस, अग्निशमन दल. त्यांच्याकडे अपॉइंटमेंट मागायची नाही. ओळखपत्र बघायचं, नोंद करायची, फॅक्टरी मॅनेजरला फोन लावायचा. पण 'साहेब फोन उचलत नाहीत, बसा जरा' हे चालत नाही. निरीक्षकाला आत येण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे आणि त्याला अडवणं हा गुन्हा ठरतो. नव्या गार्डला हे माहीत नसतं. म्हणून ते धोरणात स्वतंत्र ओळीत लिहा आणि गेटच्या केबिनमध्ये भिंतीवर लावा.

## नोंद: कमी विचारा, पण पडताळून घ्या

व्हिजिट आधी ठरलेली असेल तर ज्याला भेटायचं त्याने, म्हणजे होस्टने, आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत गेटला यादी पाठवायची. त्यात नाव, कंपनी, येण्याची वेळ, कुठल्या भागात जाणार आणि सोबत लॅपटॉप, मोजमापाची उपकरणं असं काय असेल, एवढंच. ही यादी ईमेलवर असो की व्हॉट्सअ‍ॅपवर, ती गेटच्या ठरलेल्या नंबरावर किंवा पत्त्यावर यावी. गार्डच्या खाजगी फोनवर आलेली यादी त्याची ड्युटी संपली की त्याच्याबरोबर घरी जाते.

न सांगता आलेल्या माणसासाठी नियम एकच: गार्डने होस्टला कंपनीच्या डिरेक्टरीतल्या नंबरावर फोन करायचा. व्हिजिटरने दिलेल्या नंबरावर नाही, आणि त्याने आपल्या मोबाईलवरून जोडून 'घ्या, साहेबांशी बोला' म्हणून पुढे केलेल्या फोनवर तर मुळीच नाही. पलीकडचा आवाज कोणाचाही असू शकतो. गार्डला हे नम्रपणे सांगता यावं म्हणून वाक्यच ठरवून द्या: "साहेब, आमच्या फोनवरून लावतो, एक मिनिट बसा."

ओळखपत्र बघायचं, त्यावरचा फोटो चेहऱ्याशी जुळवायचा आणि परत द्यायचं. ते जप्त करून खणात ठेवायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ती बंद करा. माणूस वेळेवर परत यावा म्हणून ठेवलेलं लायसन्स हरवलं तर गेटची अडचण होते, आणि घाईत निघालेला माणूस तसंही ते विसरून जातो. आधारची झेरॉक्स काढून फाइलला लावायचीही गरज नाही. ओळख पटवायला कंपनीचं ओळखपत्र किंवा लायसन्स पुरतं. कोणी आधारच दाखवलं तर शेवटचे चार अंक लिहिले तरी बास. आधारचं मास्क केलेलं रूप मिळतं, त्यात एवढेच चार अंक दिसतात.

उघडं रजिस्टर हीसुद्धा एक गळती आहे. पेन हातात घेऊन सही करणारा माणूस वरच्या पंधरा ओळी सहज वाचतो: प्रतिस्पर्धी कंपनीचा कोण आला होता, कोणाला भेटला, त्याचा मोबाईल नंबर काय. त्यापेक्षा क्रमांक छापलेलं स्लिप-बुक वापरा. एका व्हिजिटरला एक स्लिप, कार्बनची एक प्रत बुकातच राहते. कॉम्प्युटरवर नोंद होत असेल तर स्क्रीन गार्डकडे तोंड करून ठेवा.

स्लिपवर एक रकाना असा हवा, जो बहुतेक ठिकाणी नसतो: 'कुठल्या भागापर्यंत'. 'कोणाला भेटायचं' याच्यापुढे 'एचआर' किंवा 'ऑफिस' असं लिहिलेलं असेल तर ती नोंद निरुपयोगी. तिथे माणसाचं नाव हवं, कारण संध्याकाळी विचारायचं असतं ते माणसाला, खात्याला नाही.

## खिळ्यांचा फलक

आता पास. भारी कार्ड आणि सॉफ्टवेअर असेल तर उत्तम. नसेल तर गेटच्या केबिनमध्ये प्लायवूडचा फलक लावा, त्यावर १ ते ४० खिळे, प्रत्येक खिळ्याखाली आकडा आणि खिळ्यावर त्याच आकड्याचा पास. पास दिला की खिळा रिकामा, आणि त्या खिळ्यावर स्लिपची दुसरी प्रत टोचून ठेवायची. माणूस बाहेर आला, पास परत टांगला, स्लिप काढून बुकाला लावली आणि त्याच वेळी बाहेरची वेळ लिहिली.

फलकाकडे बघितलं की किती माणसं आत आहेत ते कळतं. रजिस्टर वाचायला लागत नाही. आणि वेळ नंतर भरून टाकायची सोय फारशी उरत नाही, कारण पास परत आल्याशिवाय खिळा भरत नाही.

पासच्या पट्ट्यांना तीन रंग पुरतात. निळा म्हणजे ऑफिस, मीटिंग रूम आणि कँटीन. पिवळा म्हणजे सोबतीने शॉप फ्लोअर. लाल म्हणजे कामाचा पास, वर्क परमिट किंवा जॉब कार्डच्या नंबरासह. यापेक्षा जास्त रंग केले की शॉप फ्लोअरवरच्या कामगाराला त्यांचा अर्थ लक्षात राहत नाही, आणि रंग खरं तर त्याच्यासाठीच असतात. निळ्या पट्टीचा माणूस मशीनपाशी दिसला तर कोणत्याही ऑपरेटरने त्याला विचारावं, ही अपेक्षा धोरणात लिहून ठेवा, म्हणजे ऑपरेटरला संकोच वाटणार नाही.

आग लागली, सायरन वाजला तर गेटच्या सुपरवायझरने फलकावरच्या स्लिपा काढून असेम्ब्ली पॉइंटवर न्यायच्या आणि नावं पुकारायची. मॉक ड्रिलमध्ये कंपनीच्या माणसांची हजेरी मस्टरवरून होते आणि व्हिजिटर हमखास राहून जातात. पुढच्या ड्रिलला मुद्दाम एक व्हिजिटर मीटिंग रूममध्ये बसवून ठेवा आणि त्याचं नाव पुकारलं जातं का बघा.

## कुठे जायचं नाही, आणि का

'प्रतिबंधित क्षेत्र' अशी पाटी सगळीकडे लावली तर ती कोणी वाचत नाही. प्रत्येक जागेचं कारण वेगळं असतं आणि नियम कारणावरून ठरतो.

पेंट मिक्सिंगची खोली आणि थिनरचं गोदाम इथे कारण आहे वाफ. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, आणि पेटायला छोटी ठिणगी पुरते. म्हणून काडेपेटी, लायटर आणि मोबाईल दाराबाहेरच्या पेटीत. हा नियम व्हिजिटरला आणि प्लांट हेडला सारखाच. पाहुण्यांना पेंट शॉप दाखवायचाच असेल तर काचेच्या बाहेरून.

उच्चदाबाचं उपकेंद्र आणि पॅनेल रूम इथे कारण आहे जीव. तिथे अधिकृत विद्युत कर्मचाऱ्याशिवाय कोणी जात नाही, आणि सोबत असली तरी व्हिजिटर आत जात नाही. किल्ली शिफ्टच्या इलेक्ट्रिशियनकडे, गेटवरच्या खिळ्यावर नाही.

ग्राहकाच्या नव्या मॉडेलचे भाग जिथे बनतात तो कोपरा आणि टूल रूम, तिथे कारण आहे गुपित. गोपनीयतेचा करार आपण ग्राहकाशी केलेला असतो. दुसऱ्या ग्राहकाचा क्वालिटीचा माणूस त्याच फ्लोअरवरून ऑडिटला फिरतो तेव्हा अडचण उभी राहते. यावर गेटवर कॅमेऱ्याला स्टिकर लावणं हा अर्धाच उपाय. चालण्याचा रस्ताच असा आखून घ्या की तो कोपरा वाटेत येणार नाही, आणि तेवढ्या वेळापुरते भाग ताडपत्रीखाली ठेवा. स्टिकर लावायचेच असतील तर फाडल्याशिवाय न निघणारे घ्या, आणि बाहेर पडताना ते शाबूत आहेत का ते बघा. बघणार नसाल तर लावू नका.

सर्व्हर रूम ही छोटी जागा, पण तिथे एसी दुरुस्तीवाले, केबलवाले, अग्निशामक सिलिंडर भरणारे सतत जातात. आयटीचा माणूस पूर्ण वेळ उभा राहणार नसेल तर काम दुसऱ्या दिवशी.

## सोबत म्हणजे दारापर्यंत पोचवणं नव्हे

होस्टचा प्यून व्हिजिटरला केबिनपर्यंत आणतो आणि निघून जातो, याला सोबत म्हणत नाहीत. सोबत करणाऱ्याची जबाबदारी गेटवर पास घेतल्यापासून गेटवर पास परत करेपर्यंत असते, आणि मधल्या वेळात माणूस नजरेआड जाऊ द्यायचा नाही. संडासला गेला तर बाहेर थांबायचं. अवघडल्यासारखं होतं खरं. म्हणून संडास शॉप फ्लोअरच्या आतला न वापरता ऑफिसकडचा वापरायला द्यावा.

एका माणसाने किती जणांना सोबत करावी? मशीन चालू असलेल्या फ्लोअरवर पाच. फोर्कलिफ्टच्या रस्त्यावर मागे राहिलेला सहावा माणूस पुढे चालणाऱ्याला दिसत नाही. कॉलेजची ४० मुलं औद्योगिक भेटीला आली तर आठ जण शोधण्यापेक्षा दहा-दहाच्या तुकड्या करा, पुढे एक आणि मागे एक माणूस द्या, बाकीच्यांना ट्रेनिंग रूममध्ये बसवा. बंद बूट नसलेल्याला फ्लोअरवर नेऊ नका. चप्पल घालून आलेल्यांसाठी गेटवर बुटांवर चढवायच्या टो-कॅपचे जोड ठेवले तरी ते चपलेवर बसत नाहीत, हे लक्षात ठेवून आदल्या दिवशीच कळवा.

सोबत तुटते ती शिफ्ट बदलताना. दिवसभर माणसाबरोबर असलेला सुपरवायझर अकराला घरी जातो, दुसऱ्याला वाटतं पहिला आहे, आणि मध्ये कोणीच नसतं. म्हणून स्लिपवर 'सोबत दिली' आणि 'सोबत घेतली' अशा दोन सह्या वेळेसह हव्यात.

## शनिवारी रात्रीचा ब्रेकडाउन

धोरण खरं उतरतं की नाही ते अशा वेळी कळतं. दुसरी शिफ्ट ३ ते ११. व्हीएमसी मशीनचा सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, अलार्म देऊन बंद पडला. मेन्टेनन्सच्या इंजिनिअरने सर्व्हिस देणाऱ्या भोसरीच्या फर्मला फोन केला. ७.४० ला त्यांचा इंजिनिअर आणि एक मदतनीस गेटवर. सोबत टूलकिट, लॅपटॉप आणि एक ड्राइव्ह, तात्पुरता लावून बघायला आणलेला. स्टोअर बंद, अ‍ॅडमिन ऑफिस बंद.

गार्डने डिरेक्टरीतून मेन्टेनन्सला फोन करून खात्री केली. दोघेही हत्यार घेणार, म्हणून लाल पट्टीचे पास क्रमांक ३१ आणि ३२, स्लिपवर ब्रेकडाउनच्या जॉब कार्डचा नंबर. ड्राइव्ह काढण्याआधी मशीनचा मेन स्विच बंद करून कुलूप आणि टॅग लावणं हे मेन्टेनन्सचं काम. गेटने फक्त विचारायचं की परमिट निघालं आहे का.

आता सामान. इथे बहुतेक गेटवर लिहिलं जातं: 'ड्राइव्ह १ नग, लॅपटॉप १, टूलबॉक्स १'. रात्री १२.२० ला दोघे बाहेर पडतात. हातात ड्राइव्ह एक, लॅपटॉप एक, टूलबॉक्स एक. गार्ड नोंद बघतो, सगळं जुळतं, नमस्कार करून सोडतो. प्रत्यक्षात त्यांचा ड्राइव्ह मशीनवर बसलेला आहे आणि बाहेर गेला तो कंपनीचा बिघडलेला ड्राइव्ह, ज्याला कुठलाच गेटपास नाही. कोणी चोरी केलेली नाही, तरी तीन महिन्यांनी दुरुस्तीचं बिल येतं, ड्राइव्ह परत आलेला नसतो, आणि तो कधी बाहेर गेला याचा कागद सापडत नाही. उलट बाजूने, मशीनवर लावलेला ड्राइव्ह आपलाच समजून बसलेल्या मंडळींना त्या फर्मचं पत्र येतं.

उपाय एका ओळीचा आहे. आत येताना सीरियल नंबर लिहायचा, बाहेर जातानाही सीरियल नंबर लिहायचा. नगांची संख्या जुळून काही सिद्ध होत नाही.

तसा नंबर लिहिलेला असेल तर १२.२० ला गार्डला फरक दिसतो, आणि पुढे दोन कागद तयार होतात. फर्मचा ड्राइव्ह आत राहिला, म्हणून त्याची आवक नोंद: कोणाचा, सीरियल नंबर, 'परत करायचा' असा शेरा, मेन्टेनन्सची सही. कंपनीचा ड्राइव्ह बाहेर चालला, म्हणून रिटर्नेबल गेटपास: वर्णन, सीरियल नंबर, अंदाजे किंमत ८० हजार, कारण 'दुरुस्ती', परत येण्याची तारीख, कोणी नेला.

गेटपासवर सही कोणाची? स्टोअर बंद असताना सही करणाऱ्यांची यादी आधीच ठरलेली हवी, दर शिफ्टला एक नाव आणि त्याच्या सहीचा नमुना गेटवर. रात्रपाळीचा शिफ्ट इनचार्ज त्या यादीत असला तर काम अडत नाही. ज्याने माल बाहेर पाठवायला सांगितलं त्याचीच सही मंजुरी म्हणून चालणार नाही. मागणारा मेन्टेनन्स, मंजूर करणारा शिफ्ट इनचार्ज, तपासणारा गार्ड, अशी तीन माणसं वेगळी राहिली पाहिजेत. मेन्टेनन्सचा दुसऱ्या शिफ्टचा इंजिनिअर अकराला गेला तेव्हा तिसऱ्या शिफ्टच्या माणसाने 'सोबत घेतली' अशी सही केलेली आहे, हेही स्लिपवर दिसतं. ३१ आणि ३२ खिळ्यावर परतले की ही भेट संपली.

लॅपटॉपबद्दल एक वेगळा नियम ठेवा. मशीनला जोडायच्या लॅपटॉपवर हरकत घेता येत नाही, कारण बिघाड त्यावरूनच शोधला जातो. पण तो कंपनीच्या नेटवर्कला जोडायचा नाही, आणि मशीनमधला प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घ्यायचा असेल तर मेन्टेनन्सच्या माणसाने कंपनीच्या पेन ड्राइव्हवर घ्यावा.

## मालाचा पास: परत येणारा आणि न येणारा

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचा पास एकतर रिटर्नेबल असतो, नाहीतर नॉन-रिटर्नेबल. भंगार, विक्रीचा माल, नापास करून पुरवठादाराकडे कायमचा परत पाठवलेला माल हे नॉन-रिटर्नेबल. दुरुस्ती, कॅलिब्रेशन, जॉब वर्क, प्रदर्शन हे रिटर्नेबल. दोन्हींची पुस्तकं वेगळी आणि क्रमांकही वेगळे ठेवा. पास तीन प्रतींत: एक मालाबरोबर, एक गेटवर, एक देणाऱ्या खात्याकडे. रिटर्नेबल पासची गेटवरची प्रत तारखेच्या क्रमाने लावून ठेवायची, म्हणजे सोमवारी सकाळी वरचे कागद बघितले की काय उशिरा आहे ते कळतं.

गेटपास हा कंपनीचा आतला कागद आहे. रस्त्यावर गाडी थांबवली तर तो चालत नाही. तिथे लागतं जीएसटीच्या नियम ५५ प्रमाणे डिलिव्हरी चलान, तेही तीन प्रतींत. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची किंमत १ लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं; राज्याबाहेर साधारण मर्यादा ५० हजारांची, आणि जॉब वर्कसाठी माल दुसऱ्या राज्यात पाठवत असाल तर किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल लागतंच. आपल्या उदाहरणातला ८० हजारांचा ड्राइव्ह चाकणहून भोसरीला चालला आहे, त्यामुळे चलान पुरतं. रात्री चलान करायला कोणी नसतं, म्हणून शिफ्ट इनचार्जकडे क्रमांक छापलेलं चलान-बुक ठेवा, आणि सोमवारी सकाळी अकाउंट्सने त्याची नोंद घ्यावी.

प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला जाणाऱ्या मालाला आणखी एक घड्याळ लागलेलं असतं. जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल १ वर्षात परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. यंत्रसामग्रीसाठी ही मुदत ३ वर्षांची. साचे, डाय, जिग, फिक्स्चर यांना मुदतीची अट नाही. पण मुदत नाही म्हणून डाय विसरले जातात. एखादी डाय जॉब वर्करकडे चार-पाच वर्षं पडून असते, मध्ये तिथला मालक बदलतो, आणि ती आपली आहे हे दाखवायला एक पिवळा पडलेला गेटपास तेवढा उरतो. डायवर कंपनीचा मार्क ठोकून पाठवा आणि वर्षातून एकदा तिथे जाऊन मोजा.

उलट काळजी गार्डने घ्यायची ती 'परत आला' या शेऱ्याची. रिटर्नेबल माल अर्धाच परत आला, १०० पैकी ६० नग, तर पास बंद करायचा नाही; ६० लिहून ४० बाकी ठेवायचे. आणि परतीची तारीख वाढवायची असेल तर जुनी तारीख खोडून नवी न लिहिता खाली नवी ओळ, मंजुरी देणाऱ्याच्या सहीसह.

कामगारांच्या डब्याच्या पिशव्या, सुटताना होणारी झडती यांचा विषय वेगळा आहे आणि तो युनियनशी बोलून ठरवायचा असतो. इथे एवढंच: स्त्रियांची तपासणी स्त्री गार्डच करेल, आडोशाला करेल; स्त्री गार्ड ड्युटीवर नसेल तर तपासणी होणार नाही, फक्त पिशवी त्यांनीच उघडून दाखवायची.

## कागद किती दिवस ठेवायचे

माणसांच्या आणि मालाच्या नोंदी एकाच रजिस्टरमध्ये असू नयेत याचं खरं कारण इथे आहे. दोन्हींचं आयुष्य सारखं नाही.

जीएसटीच्या हिशेबाचे कागद त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. चलान आणि त्याला जोडलेला गेटपास त्या थप्पीत जातो. व्हिजिटरचं नाव आणि मोबाईल नंबर सहा-सात वर्षं ठेवायचं कारण मात्र कोणालाच सांगता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचा गाभाच हा आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसायची. कॉम्प्युटरवर घेतलेली माहिती त्यात येतेच, आणि कागदावर घेऊन नंतर कॉम्प्युटरवर चढवलेलीही येते. 'आम्ही तर रजिस्टर वापरतो' असं म्हणून संध्याकाळी ते एक्सेलमध्ये भरणारे कारखाने त्यातून सुटत नाहीत.

माझ्या मते व्हिजिटरच्या स्लिपा १ वर्ष ठेवाव्यात. वार्षिक ऑडिट, चोरीची उशिरा कळलेली घटना, विम्याचा दावा, एवढ्याला हा काळ पुरतो. एखाद्या घटनेची चौकशी चालू असेल तर त्या दिवसांच्या स्लिपा वेगळ्या पाकिटात काढून ठेवायच्या आणि चौकशी संपेपर्यंत नष्ट करायच्या नाहीत. कॅमेऱ्याचं चित्रण बऱ्याच ठिकाणी महिनाभरात आपोआप पुसलं जातं. म्हणून घटना कळली की त्याच दिवशी ते उतरवून घ्यायला आयटीला सांगायचं, पुढच्या मीटिंगची वाट बघायची नाही. गेटवर एक छोटी पाटी लावा: तुमची कोणती माहिती घेतो, कशासाठी, किती दिवस ठेवतो, शंका असेल तर कोणाशी बोलायचं. मराठी आणि हिंदी, दोन्हींत.

## नोंदी खऱ्या आहेत का, ते ओळखायचं कसं

सिक्युरिटी एजन्सीचा रिपोर्ट दर महिन्याला 'सर्व ठीक' असाच येतो. त्यावर न जाता महिन्यातून एकदा अ‍ॅडमिनच्या माणसाने, आधी न सांगता, दुपारी तीनच्या सुमाराला गेटवर जावं. त्या वेळी शिफ्ट बदलत असते, गर्दी असते, तेव्हाच बघायचं.

आधी फलकावरचे रिकामे खिळे मोजा आणि तेवढी माणसं खरंच आत आहेत का ते होस्टना फोन करून विचारा. एखादा होस्ट 'ते तर जेवायच्या आधीच गेले' म्हणाला, तर पास माणसाबरोबर बाहेर गेलेला आहे. हरवलेल्या पासचा आकडा पुन्हा वापरायचा नाही. तो खिळा लाल रंगवा आणि पुढच्या आकड्याचा नवा पास करा, नाहीतर दोन ३१ नंबर फिरत राहतात.

मग गेल्या महिन्यातल्या दहा स्लिपा काढा आणि बाहेरच्या वेळा बघा. ज्या दिवशी सगळे बरोबर ५.३० किंवा ६.०० ला गेलेले दिसतात त्या दिवशी वेळा नंतर भरल्या आहेत. होस्टच्या सहीचं हस्ताक्षर गार्डच्या हस्ताक्षरासारखं असेल तर सही घ्यायला कोणी जातच नाही. त्यासाठी गार्डला झापण्यापूर्वी बघा की होस्टची केबिन गेटपासून किती लांब आहे आणि व्हिजिटर सही न घेताच परत येतो का. सही होस्टने करायची असते. ती विसरणाऱ्या होस्टला अ‍ॅडमिनने पत्र द्यावं, गार्डला नाही.

शेवटी रिटर्नेबलच्या थप्पीतले सगळ्यात जुने पाच पास घेऊन त्या त्या खात्यात जा आणि वस्तू कुठे आहे ते विचारा. 'आली असेल' हे उत्तर मिळालं तर वस्तू दाखवायला सांगा आणि सीरियल नंबर जुळवा. वस्तू आली आहे पण पास बंद नाही, असं निघालं तर ती मालाच्या गेटने न येता कोणाच्या तरी गाडीतून आत आली. ते गेट कोणतं आणि त्या दिवशी तिथे कोण होतं, हा त्या महिन्याचा पुढचा तपास.